मुनिमांच्या वहीतला आकडा: तुलना नेमकी कोणाशी?

जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली, जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत संशोधक असताना, इक्विटी थिअरी मांडली. आपण त्याला समन्याय सिद्धान्त म्हणू. नोकरी करणारा माणूस आपला पगार केवळ आकड्याने मोजत नाही. आपण कामात काय घातले आणि त्या बदल्यात काय मिळाले यांचे प्रमाण तो दुसऱ्या कोणाच्या तरी प्रमाणाशी लावून पाहतो. जे घातले ते योगदान, जे मिळाले ते प्रतिफळ, आणि ज्याच्याशी लावून पाहिले ती तुलनेची व्यक्ती. परीक्षेत या तिन्हींच्या व्याख्या विद्यार्थी बिनचूक लिहितात. मात्र प्रसंग देऊन ‘ओळखा’ म्हटले की चुका होतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका तिसऱ्या गोष्टीत होतात. लातूरच्या महाविद्यालयात मी शिकवत असलेल्या वर्गाला चाचणीत दिलेल्या एका प्रसंगाचे हे विवेचन आहे. प्रसंगातली माणसे आणि रकमा कल्पित आहेत. डाळमिलचे वातावरण मात्र इथल्या प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे.

प्रसंग असा होता.

सुरेश लातूरच्या एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये ११ वर्षांपासून कामाला आहे. सुरुवात हमालीने झाली. आता तो दिवसपाळीत सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून दाणे निवडणारे मशीन चालवतो. शिक्षण दहावी. पगार महिना १६,५०० रुपये. मागच्या दिवाळीपर्यंत तो १५,००० होता. तुरीच्या हंगामात तो रोज १० तास काम करतो आणि जादा तासांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. अडीअडचणीला मालक बिनव्याजी उचल देतात. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत आणि घरावर कर्ज आहे. त्याचा साडू वाळूजच्या एका कारखान्यात २६,००० रुपये मिळवतो. त्याला कंपनीची बस आणि कॅन्टीन आहे. चार महिन्यांपूर्वी आयटीआय झालेला अनिल मिलमध्ये लागला. मालकांच्या सांगण्यावरून सुरेशने त्याला पंधरा दिवसांत मशीन शिकवले. आता अनिल तेच मशीन रात्रपाळीत ८ तास चालवतो. पगाराच्या दिवशी सही करताना सुरेशला मुनिमांच्या वहीत अनिलच्या नावापुढे १८,००० हा आकडा दिसला. त्या दिवसापासून सुरेश वेळेवर येतो, मशीनही नीट चालवतो. पण रिजेक्शनमध्ये गेलेली चांगली डाळ परत काढण्यासाठी तो माल दुसऱ्यांदा फिरवायचा, ते त्याने बंद केले आहे. रात्री अनिलचा अडचणीचा फोन आला तर तो उचलत नाही. घरी तो म्हणाला, ‘इथं सर्टिफिकेट बघून पगार देतात, हात बघून नाही.’

प्रश्न चार होते: सुरेशची योगदाने सांगा, प्रतिफळे सांगा, तुलनेची व्यक्ती ओळखा, आणि अन्याय कमी करण्यासाठी सुरेशने कोणता मार्ग धरला ते लिहा.

तुलनेची व्यक्ती म्हणून बऱ्याच जणांनी साडू लिहिला. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. प्रसंगात सर्वांत मोठा पगार साडूचा आहे, तो नात्यातला आहे, आणि आपल्याकडे लग्नकार्यात साडूंची तुलना होतेच. तरीही उत्तर चुकले आहे, कारण सिद्धान्तात तुलनेची व्यक्ती म्हणजे सर्वाधिक मिळवणारी व्यक्ती नव्हे, तर ज्या व्यक्तीच्या प्रमाणाशी प्रसंगातला माणूस स्वतःचे प्रमाण प्रत्यक्ष लावून पाहतो ती व्यक्ती. ती शोधताना मी विद्यार्थ्यांना आधी एकच गोष्ट पाहायला सांगतो: वागणूक बदलली त्या क्षणाच्या लगेच आधी माणसाला कोणती नवी माहिती मिळाली? साडूचा पगार सुरेशला कित्येक वर्षे माहीत असणार, आणि त्या माहितीने त्याच्या कामात काही फरक पडलेला प्रसंगात दिसत नाही. वहीतला आकडा दिसला आणि त्या दिवसापासून दोन गोष्टी बंद झाल्या. शिवाय बंद झालेल्यांपैकी एक गोष्ट, म्हणजे फोन, थेट अनिलशी निगडित आहे. काम एक, मशीन एक, मालक एक, वही एक. आणि दोघांचे आकडे एकाच पानावर. इतकी जवळीक आणि इतकी खात्रीची माहिती असलेला माणूस समोर असताना वाळूजचा साडू, म्हणजे वेगळे शहर, वेगळा उद्योग आणि वेगळ्या आकाराचा कारखाना, तुलनेत मागे पडतो.

काही चांगल्या विद्यार्थ्यांनी मात्र वेगळी चूक केली, आणि तिच्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. तुलना दर वेळी दुसऱ्या माणसाशीच होते असे नाही. पॉल गुडमन या संशोधकाने १९७४ साली दाखवून दिले की तुलनेचे आधार तीन प्रकारचे असू शकतात: दुसरी व्यक्ती, आपण स्वतः (पूर्वीच्या नोकरीत किंवा पूर्वीच्या पगारावर असलेले), आणि संस्थेची पद्धत, म्हणजे तिने घालून दिलेले किंवा कबूल केलेले नियम. हे वाचलेल्या विद्यार्थ्यांनी ‘सर्टिफिकेट बघून पगार देतात’ हे वाक्य पकडले आणि ‘तुलना संस्थेच्या पद्धतीशी’ असे उत्तर दिले. वाक्य पद्धतीबद्दल आहे, हे खरे. परंतु मालकांनी सुरेशला एखादा नियम सांगितला होता आणि तो मोडला, असे प्रसंगात कुठेही नाही. अनुभव धरून दरवर्षी अमुक वाढ देऊ असा शब्द दिलेला असता आणि तो पाळला गेला नसता, तर तुलना पद्धतीशी ठरली असती आणि त्यासाठी अनिलची गरजही पडली नसती. इथे वाक्य अनिलचा आकडा पाहून तयार झाले आहे. त्या आकड्यामागचे कारण सुरेश स्वतःला समजावून सांगतो आहे, इतकेच. तुलना ज्याच्याशी होते तो वेगळा, आणि तुलनेत आपण मागे का पडलो याचा जो अर्थ माणूस लावतो तो वेगळा. हे दोन वेगळे ठेवता आले की अर्धी उत्तरे आपोआप सुधारतात.

स्वतःशी तुलना केली असती तर काय झाले असते, हेही पाहावे. १५,००० वरून १६,५०० म्हणजे १० टक्के वाढ. दिवाळीपासून मुनिमांच्या वहीपर्यंतच्या काळात सुरेश रिजेक्शनचा माल दुसऱ्यांदा फिरवत होता, रात्रीचे फोन उचलत होता. तोच माणूस, तोच पगार, तेच तास. तुलनेचा आधार बदलला आणि समाधानाच्या जागी अन्यायाची भावना आली. या एका प्रसंगात सिद्धान्ताचे मर्म आहे, म्हणून तुलनेची व्यक्ती ओळखल्याशिवाय योगदानांची यादी करायला बसू नये असे मी सांगतो. कारण यादीत काय घ्यायचे ते तुलना कोणाशी आहे यावरून ठरते. साडूशी तुलना असती तर बस आणि कॅन्टीन महत्त्वाचे ठरले असते. अनिलशी तुलना असताना त्या दोन्हींचा संबंध उरत नाही.

आता योगदाने. यादीत काय बसते हे ठरवताना ॲडम्सने घातलेल्या दोन अटी फार उपयोगी आहेत आणि पाठ्यपुस्तकांत त्या सहसा गळतात. एखादा गुण किंवा कष्ट योगदान ठरण्यासाठी, तो ज्याच्याजवळ आहे त्याला त्याची जाणीव हवी, आणि या देवघेवीत तो मोजला जाणे योग्य आहे असेही त्याला वाटायला हवे. म्हणजे यादी वाचणाऱ्याच्या नजरेने करायची नसून प्रसंगातल्या माणसाच्या नजरेने करायची आहे. या अटींवर सुरेशचा ११ वर्षांचा अनुभव, हाताचे कसब आणि रोजचे १० तास ही योगदाने सहज ठरतात. दोन मुली आणि घराचे कर्ज ठरत नाहीत. अनेकांनी ते लिहिले होते, आणि त्यामागची माणुसकी मला कळते. पण ती सुरेशची गरज आहे. त्याने ती कामात घातलेली नाही, आणि तिच्या आधारे जास्त पगार मिळावा असे तो प्रसंगात कुठेही म्हणत नाही. त्याचा दावा हाताचा आहे, गरजेचा नाही. गरजेप्रमाणे वाटप हा न्यायाचा निराळाच पाया आहे; तो या सिद्धान्तात मिसळला की उत्तर भरकटते.

तपासण्यासाठी मी तयार केलेल्या नमुना उत्तरपत्रिकेत योगदाने इथेच संपत होती. उत्तरे तपासून वर्गात चर्चा चालू असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, पण त्या पोराला मशीन शिकवली कुणी? ते तर तुम्ही धरलंच नाही.’ तिचे वडील डाळमिलमध्ये याच कामावर आहेत. ती पुढे म्हणाली, ‘आमच्या अण्णांनी असं कितीतरी जणांना शिकवलंय. पण पगाराच्या कागदावर त्याची नोंद कुठंच नसते.’

मी ते वाक्य प्रसंगात केवळ पार्श्वभूमी म्हणून लिहिले होते. तिने ते योगदान म्हणून वाचले आणि तिचेच वाचन बरोबर आहे. ते शिकवणे म्हणजे काय, हे तिने सांगितल्यावर वर्गालाही ते पटले. सॉर्टेक्समध्ये डाळीचा प्रत्येक दाणा कॅमेऱ्यापुढून घसरत जातो आणि रंग न जुळणारा दाणा हवेच्या फटक्याने बाजूला उडवला जातो. मशीन किती कडक लावायची हे पडद्यावर ठरवता येते, पण ते आकडे मालागणिक बदलतात. तिचे अण्णा थोड्या थोड्या वेळाने दोन्ही बाजूंची डाळ स्टीलच्या थाळीत घेतात, ती बोटाने पसरतात आणि रिजेक्शनच्या थाळीत चांगले दाणे किती आले ते नुसत्या नजरेने सांगतात. चांगले दाणे वाढले की ते पडद्याला हात लावण्याआधी काच पुसतात, कारण काचेवर भुकटी बसली तर मशीनला चांगला दाणाही काळा दिसतो. नवा माणूस हे न करता थेट आकडा बदलतो, आणि मग काळे दाणे चांगल्या डाळीत जातात. ‘आधी काच, मग आकडा’ हे आयटीआयच्या प्रमाणपत्रात येत नाही. सुरेशने पंधरा दिवसांत अनिलला जे दिले ते हे, आणि रात्रीच्या फोनवर तो जे देत होता तेही हेच.

ॲडम्सच्या त्या दोन अटींचे महत्त्व इथे उघड होते. शिकवण्याची जाणीव सुरेशला आहे आणि ते मोजले जावे असे त्याला वाटते. मालकाच्या हिशेबात ते नाही. उलट अनिलचे प्रमाणपत्र मालकाच्या दृष्टीने मोजण्यासारखे आहे आणि सुरेशच्या दृष्टीने फारसे नाही. देणारा आणि घेणारा योगदानांच्या दोन वेगळ्या याद्या धरून बसले आहेत. मालक खोटे वागतो आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या यादीप्रमाणे त्याचा हिशेब बरोबर असू शकतो. सुरेशचे वागणे मात्र सुरेशच्या यादीवरून ठरते.

अनिलच्या बाजूलाही योगदाने आहेत आणि ती लिहिलीच पाहिजेत, कारण तुलना दोन प्रमाणांची आहे. आयटीआयचे शिक्षण हे एक. रात्रपाळी हे दुसरे. जागरणाला योगदान म्हणावे की नकारात्मक प्रतिफळ, यावर वाद घालण्याची गरज नाही, कारण कोणत्याही बाजूला लिहिले तरी परिणाम एकाच दिशेने जातो. परीक्षेत एका बाजूला लिहून कारण द्यावे. दोन्ही बाजूंना लिहिले तर मात्र ती दुहेरी मोजणी होते.

प्रतिफळांत सर्वांनी पगार लिहिला आणि पुष्कळ जण तिथेच थांबले. बिनव्याजी उचल हेही प्रतिफळ आहे. तिच्यामागचा मालकाचा विश्वास हाही त्यात मोडतो. मिलमधली भुकटी आणि आवाज ही नकारात्मक प्रतिफळे होत, पण ती दोघांनाही सारखीच असल्याने या तुलनेत त्यांच्यामुळे फरक पडत नाही. अडचण १० तासांची आहे. काहींनी ‘जास्त काम’ हे प्रतिफळांत लिहिले, कारण जास्त काम म्हणजे जादा पैसे अशी आपली सवय आहे. घातलेले तास नेहमी योगदान असतात. त्यांचे मिळालेले पैसे प्रतिफळ असतात. इथे ते मिळतच नाहीत, म्हणून तास एका बाजूला वाढले आणि दुसरी बाजू होती तिथेच राहिली.

हा फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. हंगामात महिन्याचे २६ दिवस धरले तर सुरेशचे २६० तास होतात आणि तासाला सुमारे ६३ रुपये ५० पैसे पडतात. अनिलचे २०८ तास होतात आणि तासाला सुमारे ८६ रुपये ५० पैसे. वहीत दिसणारा फरक १,५०० रुपयांचा, म्हणजे सुरेशच्या पगाराच्या ९ टक्के आहे. तासाच्या हिशेबाने अनिलला सुरेशपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त मिळते. ‘दीड हजारासाठी माणूस एवढा का बिघडला’ असे मालकाला वाटते, ते त्याने फक्त वरचा आकडा पाहिल्यामुळे. अर्थात अनुभव, कसब, शिक्षण आणि तास यांची खरीखुरी बेरीज करता येत नाही. प्रमाणाचे सूत्र हे माणसाच्या मनातली तुलना दाखवण्याची एक रीत आहे. तासांपुरता हिशेब मी मांडतो तो एवढ्यासाठी की तास तरी दोघांचे एकाच मापाने मोजता येतात.

चौथा प्रश्न मार्गाचा. अन्यायाची भावना कमी करण्याचे जे मार्ग ॲडम्सने सांगितले त्यांत आपले योगदान बदलणे, आपले प्रतिफळ बदलणे, दोन्हींकडे मनातल्या मनात वेगळ्या दृष्टीने पाहणे, समोरच्यावर काही परिणाम घडवणे, तुलनेची व्यक्ती बदलणे आणि ती जागाच सोडणे हे येतात. सुरेशने योगदान कमी केले. फोन न उचलणे याला काहींनी ‘समोरच्यावर परिणाम’ म्हटले; पण अनिलला त्रास व्हावा हा हेतू प्रसंगात नाही, आणि रात्रीचे मार्गदर्शन हे सुरेशचेच योगदान होते, जे त्याने आता थांबवले. शिकवणे योगदानांत लिहिले नसेल तर हे उत्तर नीट लावताच येत नाही, आणि नमुना उत्तरपत्रिकेतली माझी उणीव इथे पुरती लक्षात आली.

सुरेशने काय कमी केले नाही, हे मला त्याहून बोलके वाटते. तो काळे दाणे चांगल्या मालात जाऊ देत नाही. ॲडम्सने १९६५ च्या लेखात म्हटले आहे की जे योगदान माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेच्या केंद्रस्थानी असते, ते बदलायला तो सहजी तयार होत नाही. ‘हात बघून नाही’ असे म्हणणारा माणूस तोच हात खराब कसा करील? म्हणून त्याने दोन अशा गोष्टी सोडल्या ज्या त्याला कोणी सांगितल्या नव्हत्या आणि ज्या न केल्याने त्याच्या कारागिरीला डाग लागत नाही. मालकाच्या दृष्टीने ही घट ओळखायला सर्वांत कठीण असते, कारण हजेरी पूर्ण असते, डाळ स्वच्छ असते, आणि रिजेक्शनच्या पोत्यांत चांगली डाळ वाढलेली कोणी उघडून पाहत नाही.

सुरेश महिन्याच्या पगारावर आहे म्हणून घट या रूपात दिसते. त्याच मिलमधल्या, पोत्यामागे पैसे घेणाऱ्या हमालाला आपल्यावर अन्याय होतो असे वाटले तर तो पोती कमी उचलणार नाही, कारण त्याने त्याचाच पैसा कमी होईल. तो भराभर उचलेल आणि थप्पी कशी लागते याची काळजी सोडून देईल. प्रसंगात मोबदल्याची रीत कोणती दिली आहे, हे चौथ्या प्रश्नाआधी तपासावे ते यासाठी.

शेवटी एका विद्यार्थ्याने उपाय सुचवला: सुरेशचाही पगार १८,००० करावा, म्हणजे प्रश्न मिटेल. वहीतले आकडे सारखे होतील, पण २६० तासांना १८,००० म्हणजे तासाला सुमारे ६९ रुपये. अनिल अजूनही पुढेच. तासांपुरती बरोबरी साधायची तर सुरेशला २२,५०० द्यावे लागतील, किंवा १८,००० वर त्याचे तास ८ करावे लागतील, आणि तरीही ११ वर्षे आणि शिकवणे यांची किंमत शून्यच धरलेली असेल. मालकाला दोन्ही परवडत नसेल तर, निदान शिकवण्याचे म्हणून काही वेगळे देणे आणि ते तसे वहीत लिहिणे, हा मला त्यातल्या त्यात सुरेशच्या यादीशी जुळणारा मार्ग वाटतो.

पुढच्या चाचणीसाठी मी हाच प्रसंग ठेवला आहे, फक्त वहीचे, फोनचे आणि सर्टिफिकेटचे वाक्य काढून टाकले आहे. आता सुरेश दुसऱ्यांदा माल फिरवत नाही एवढेच दिसते. साडू, अनिल आणि जुना पगार हे तिघेही तितक्याच अंतरावर उभे आहेत. माणूस कोणाला निवडील हे सिद्धान्त आधी सांगू शकत नाही; निवड झाल्यावर काय होईल ते सांगतो. म्हणून या वेळी तिसऱ्या प्रश्नाच्या पर्यायांत ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’ हा पर्याय आहे, आणि बरोबर उत्तर तेच आहे.